लाइक एक, कमेंट तीस!

समजा, मोबाइलवर दोन व्हिडिओ येण्यासाठी रांगेत उभे आहेत. पहिल्यात एक डॉक्टर मधुमेहात भात, पोळी, भाकरी किती खावी, हे शांतपणे समजावून सांगतात. दुसऱ्यात कुणीतरी ठासून सांगतो, 'सात दिवस हा काढा प्या, शुगर कायमची जाईल.' पाहणाऱ्यापुढे यातला कोणता व्हिडिओ आधी येईल?

अनेकांना वाटते, ज्याला जास्त लाइक तो पुढे. प्रत्यक्षात हिशेब निराळा असतो. हा विशिष्ट प्रेक्षक व्हिडिओ लाइक करण्याची, कमेंट लिहिण्याची, दुसऱ्याला पाठवण्याची, सेव्ह करण्याची शक्यता किती, याचा अंदाज संगणक त्याच्या आधीच्या वागण्यावरून बांधतो. प्रत्येक कृतीला कंपनीने एक वजन ठरवून दिलेले असते. शक्यतेला वजनाने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. ज्याची बेरीज मोठी, तो व्हिडिओ वर. टिकटॉकच्या अंतर्गत कागदपत्रातील असेच एक सूत्र 2021 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने प्रसिद्ध केले होते. त्यात लाइक आणि कमेंटबरोबरच व्हिडिओ किती वेळ पाहिला जाईल, याचाही अंदाज धरलेला होता.

आता आपले दोन व्हिडिओ घेऊ. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. डॉक्टरांच्या व्हिडिओला लाइक मिळण्याची शक्यता शंभरात 10, सेव्हची 4, शेअरची 2 आणि कमेंटची 1. काढ्याच्या व्हिडिओला लाइकची 4, सेव्हची 1, शेअरची 3, पण कमेंटची 6. कारण 'हे खोटे आहे' असे सांगायला लोक तिथे धावतात. वजने अशी धरू : लाइक 1, सेव्ह 2, शेअर 5, कमेंट 5. डॉक्टरांची बेरीज होते 33 आणि काढ्याची 51. काढा जिंकला! आता फक्त कमेंटचे वजन 5 वरून 1 वर आणा. बेरीज होते 29 आणि 27. डॉक्टर पुढे जातात. व्हिडिओ तेच, प्रेक्षकही तेच. बदलला तो एक आकडा.

हे नुसते गणित नाही. फेसबुकने 2018 मध्ये आपल्या फीडची रचना बदलली, तेव्हा साध्या लाइकला 1 गुण होता, नुसत्या शेअरला 5 आणि लांब, अर्थपूर्ण कमेंटला 30. माणसांनी एकमेकांशी बोलावे, हा त्यामागचा उद्देश होता. पण सर्वांत जास्त बोलणे भांडणात होते. रागाच्या इमोजीचेही तसेच झाले. 2017 पासून प्रत्येक इमोजी पाच लाइकइतकी मोजली जात होती. रागाची इमोजी ज्या मजकुराला मिळते, त्यात खोट्या माहितीचे प्रमाण अधिक असते, असे कंपनीच्याच संशोधकांना आढळले. सप्टेंबर 2020 मध्ये तिचे वजन शून्य करण्यात आले. त्यानंतर लोकांपुढे येणारी दिशाभूल करणारी माहिती घटली, लोकांचा फेसबुकवरचा वावर मात्र कमी झाला नाही.

वजने वेगवेगळी का, याचे कारण कृतीमागच्या कष्टात आहे. लाइकला अंगठ्याचा एक स्पर्श पुरतो; ओळखीच्या माणसाला तो भिडेखातरही दिला जातो. सेव्ह केलेले इतरांना दिसत नाही, त्यामुळे त्यात दिखावा नसतो. पुन्हा उपयोग होईल असे वाटले, तरच माणूस सेव्ह करतो. पाठवताना तर आपण कुणाला काय पाठवतो, याचा विचार करावा लागतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये पाहण्याचा वेळ, लाइक आणि पाठवणे हे तीन सर्वांत महत्त्वाचे संकेत सांगितले. त्यांच्या म्हणण्यानुसार, आधीपासून फॉलो करणाऱ्यांपर्यंत पोहोचायला लाइक अधिक उपयोगी पडतात, तर अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला व्हिडिओ पाठवला जाणे अधिक मोलाचे ठरते.

या हिशेबाची मर्यादाही इथेच आहे. 'बघ, किती फसवतात' असे लिहून बहिणीला पाठवलेला काढ्याचा व्हिडिओ आणि 'आईला नक्की दे' म्हणून पाठवलेला व्हिडिओ, दोन्हींची नोंद 'पाठवला' अशीच होऊ शकते. खोडून काढण्यासाठी लिहिलेली कमेंटही शेवटी कमेंटच असते.

बेरजेत वजाबाकीची सोयही असते. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी 2023 मध्ये दिलेल्या नमुना सूत्रात, प्रेक्षक 'असे कमी दाखवा' म्हणण्याची शक्यता एकूण गुणांतून वजा केली होती. म्हणून काढ्याच्या व्हिडिओखाली वाद घालण्यापेक्षा 'नॉट इंटरेस्टेड' दाबून पुढे सरकणे अधिक परिणामकारक. आणि डॉक्टरांचा व्हिडिओ पटला असेल, तर लाइकवर न थांबता तो शेवटपर्यंत पाहावा आणि घरातल्या मधुमेही माणसाला पाठवावा.