आठ आकड्यांतले तीन

साध्या दोलकावरून गुरुत्व त्वरण काढायचा प्रयोग अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत बहुतेकांनी केलेला असतो. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, तो हलकेच झुलवायचा आणि वीस दोलनांना किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर पाहायचं. समजा, टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी १००.० सेंटिमीटर भरली आणि वीस दोलनांना ४०.२ सेकंद लागले. एका दोलनाचा आवर्तकाल झाला २.०१ सेकंद. आता g = 4π²L/T² या सूत्रात लांबी मीटरमध्ये घातली की कॅल्क्युलेटर ९.७७१६४३७ असं उत्तर देतो.

एक मुलगा हा आकडा जसाच्या तसा उतरवतो आणि खाली दोन रेघा मारतो. त्याच्या शेजारच्याने लांबी सेंटिमीटरमध्येच ठेवली, म्हणून त्याच्या वहीत ९७७ आहे. तिसरी मुलगी लिहिते, ‘९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग’. गणित तिघांचंही बरोबर आहे, पण पूर्ण गुण तिसरीलाच मिळतात. पहिल्या दोघांचा अर्धा-एक गुण जातो आणि घरी ‘उत्तर बरोबर असून मार्क कापले’ अशी तक्रार होते.

आधी एककाचं पाहू. ९७७ आणि ९.७७ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण एक सेंटिमीटरमध्ये आहे आणि दुसरा मीटरमध्ये. एकक लिहिलं नाही तर यातलं बरोबर कोणतं, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. परीक्षकाने मनातल्या मनात एकक जोडून घ्यावं, अशी अपेक्षा करता येत नाही. विद्यार्थ्याला काय म्हणायचं होतं ते ओळखणं हे त्याचं काम नव्हे.

पण एककाचा खरा उपयोग विद्यार्थ्यालाच होतो, तोही उत्तर लिहिण्याच्या आधी. या सूत्रात हमखास होणारी चूक म्हणजे T चा वर्ग करायचा राहून जाणं. मग उत्तर येतं १९.६. नुसत्या आकड्याकडे पाहून काही खटकेलच असं नाही. पण आकडेमोडीत प्रत्येक पायरीला एकक बरोबर नेलं, तर मीटरला सेकंदाने एकदाच भागलेलं दिसतं, म्हणजे उत्तर ‘मीटर प्रति सेकंद’ येतं. तो तर वेग झाला, आणि आपल्याला हवं होतं त्वरण. चूक तिथल्या तिथे सापडते. शेवटी आठवण झाली म्हणून पुस्तकातलं एकक चिकटवणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. आणि एककाची ही चाचणी सगळं पकडतेच असंही नाही. 4π² ला एकक नसतं, त्यामुळे 4 लिहायचा राहिला तर एकक बरोबरच दिसेल आणि उत्तर मात्र चौथा हिस्सा येईल.

सार्थ अंकांचं प्रकरण जरा सूक्ष्म आहे. ९.७७१६४३७ या उत्तरात आठ अंक आहेत. त्यांतले आपल्या प्रयोगाने कमावलेले किती? स्टॉपवॉचचं बटण दाबणारा अंगठा ०.१ सेकंद उशिरा पडला असता, तर वेळ ४०.३ सेकंद नोंदला गेला असता. तेवढ्याने उत्तर ९.७२ होतं. अंगठा तितकाच लवकर पडला, तर ९.८२. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंक पाच घरं इकडेतिकडे हलवते. सुरुवातीला आणि शेवटी बटण दाबताना मिळून ०.२ सेकंदांचा फरक कोणाच्याही हातून पडू शकतो. अशा स्थितीत पुढचे १, ६, ४, ३, ७ हे अंक दोलकाबद्दल काहीच सांगत नाहीत. ते भागाकारातून पडलेले आहेत.

तिसरीने तीन अंक ठेवले, कारण आवर्तकालात तीनच सार्थ अंक होते आणि गुणाकार-भागाकारात सर्वांत कमी सार्थ अंक असलेल्या मोजमापाइतकेच अंक उत्तरात ठेवायचा नियम आहे. काटेकोर हिशेब केला तर तीनही जरा जास्तच होतात. वेळेतली ०.२ सेकंदांची अनिश्चितता म्हणजे अर्धा टक्का. T चा वर्ग असल्यामुळे ती दुप्पट होते, म्हणजे एक टक्का. तेव्हा सर्वांत प्रामाणिक उत्तर ९.८ ± ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग हेच. पण शालेय पातळीवर ९.७७ चालतं. कुणी π ची किंमत ३.१४ घेतली तर ९.७६ येतं, तेही चालायला हवं.

नियम नुसता पाठ केला की भलतेच प्रकार होतात. वीस दोलनं मोजली, आणि ‘२०’ मध्ये एकच सार्थ अंक, म्हणून उत्तर ‘१०’ असं लिहिणारे भेटतात. पण दोलनं ही मोजणी आहे. ती वीस म्हणजे वीसच, त्यात अनिश्चितता नाही. सूत्रातल्या 4 चंही तसंच. उलट १००.० मधलं शेवटचं शून्य टाकाऊ नाही. लांबी मिलिमीटरपर्यंत पाहिली, हे तेच सांगतं. ‘१ मीटर’ असं लिहिलं की ती माहिती पुसली जाते.

जास्त अंक हवे असतील तर ते प्रयोगातूनच मिळवावे लागतात. वीसऐवजी शंभर दोलनं मोजली तर वेळ दोनशे सेकंदांच्या आसपास जातो आणि तेच ०.२ सेकंद आता एक दशांश टक्का होतात. मग लांबीतला एक मिलिमीटरही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

तो मिलिमीटर किती मोलाचा असू शकतो, ते झां रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या कामावरून कळतं. १६७२ मध्ये तो पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये नीट चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. सेकंदाचा ठोका पुन्हा जुळण्यासाठी जवळजवळ एक मीटर लांबीचा लंबक त्याला तीन मिलिमीटरहून थोडा कमी आखूड करावा लागला. त्या काळी हा फरक मोजमापातली चूक म्हणून सोडून देता आला असता. पण रिशेची मोजणी तेवढी बारीक होती, त्यामुळे त्या मिलिमीटरांना अर्थ होता. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे हे मांडताना न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये याच निरीक्षणाचा आधार घेतला.

आपल्याकडच्या जर्नलांत मात्र उलटा उद्योग चालतो. पुस्तकात g ची किंमत ९.८१ दिलेली असते, म्हणून ती येईल अशी रीडिंग मागाहून बसवली जातात. गंमत अशी की ९.८१ हे साधारण पॅरिसच्या अक्षांशाला शोभणारं मूल्य आहे. विषुववृत्तावर g सुमारे ९.७८, ध्रुवांवर ९.८३ आणि मुंबईच्या आसपास ९.७९. ९.७७ लिहिणारी मुलगी खऱ्या उत्तराच्या अधिक जवळ आहे.

लेखी परीक्षेतल्या गणितांत मात्र इतकी कडक शिस्त लावू नये असं मला वाटतं. ‘२ किलोग्रॅमचा ठोकळा ५ मीटर उंचीवरून’ असं देणाऱ्या प्रश्नकर्त्यानेच सार्थ अंकांचा विचार केलेला नसतो. तिथे एककासाठी अर्धा गुण जरूर कापावा आणि तीन-चार अंकांचं उत्तर बिनतक्रार मान्य करावं. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही. लॉग टेबलवरून वरचंच गणित केलं तर उत्तर ९.७७२ येतं, आणि चारपेक्षा जास्त अंक लिहायची सोयच उरत नाही.