बादलीतला द, डॉक्टरमधला ड

फीत, बादली, मेस्त्री आणि पाद्री हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. टेबल, डॉक्टर, कोट, बोर्ड इंग्रजांकडून. रोमन लिपीत दोन्हीकडे अक्षरे तीच, टी आणि डी. तरी मराठी माणसाने पोर्तुगीज शब्दांत त-द ऐकले आणि इंग्रजी शब्दांत ट-ड. हा निवाडा कानाने केला, आणि बटाट्यासारखे अपवाद सोडले तर तो चुकलेला नाही. पोर्तुगीज त खरोखरच दंत्य आहे. इंग्रजी टीचे तसे नाही.

‘ताक’ म्हणताना जिभेकडे लक्ष द्यावे. जिभेचा पुढचा सपाट भाग वरच्या दातांच्या मागच्या बाजूला पसरून टेकतो. ‘टाक’ म्हणताना मात्र जिभेचे टोक वर उठते आणि बरेच मागे, टाळूच्या चढणीवर टेकून सुटते. जुन्या व्याकरणकारांनी पहिल्याला दंत्य आणि दुसऱ्याला मूर्धन्य म्हटले. या दोन जागांच्या मधे, दातांच्या लगेच मागे, हिरडीचा एक खडबडीत उंचवटा असतो. जीभ दातांवरून हळूहळू मागे नेली की तो लागतो. लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा माणूस टी आणि डी साधारण तिथे उच्चारतो.

हे डोळ्यांनी पाहताही येते. ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोळशाची पूड तेलात कालवून जिभेला लावतात, एकच शब्द म्हणायला सांगतात आणि लगेच तोंडात आरसा धरून टाळूचे छायाचित्र घेतात. ‘ताक’मधल्या त-चा काळा डाग दातांवर दिसेल, ‘टाक’मधल्या ट-चा उंचवट्याच्या मागे, आणि इंग्रजी टीचा उंचवट्यावरच.

म्हणजे इंग्रजी टी मराठी त-ट यांच्या मधोमध पडतो. मग कान ट-कडेच का झुकतो? एक कारण जिभेच्या टोकात आहे. त-ला पसरलेली जीभ लागते, तर ट आणि बहुतेकांचा इंग्रजी टी हे दोन्ही टोकाने होतात. शिवाय ‘मूर्धन्य’ म्हटल्यावर जीभ पार उलटी वळल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते, ते सगळ्या भाषांना सारखे लागू नाही. पीटर लॅडेफोगेड आणि पेरी भास्करराव यांनी 1983 साली हिंदी, तमिळ आणि तेलुगू मूर्धन्यांची तुलना केली. तमिळ-तेलुगूत जिभेच्या टोकाची खालची बाजू टाळूला लागते. हिंदीत टोक इतके वळत नाही. मराठी ट म्हणून पाहिला तर तोही या दुसऱ्या प्रकारचा वाटतो. त्यामुळे इंग्रजी टीपासून तो फार लांब राहत नाही.

दुसरे कारण जागा अडल्याचे. इंग्रजीत ‘थिन’ आणि ‘दे’ या शब्दांच्या सुरुवातीला जीभ दातांशी नेऊन हवा घासत सोडतात. तो घर्षणाचा आवाज मराठीत नाही, म्हणून तिथे थ आणि द बसवले गेले. आता ‘डे’ म्हणजे दिवस, आणि ‘दे’ म्हणजे ते लोक. डीलाही द दिला असता तर हे दोन्ही शब्द एकच झाले असते. ड वापरला की फरक टिकतो. भारतीय इंग्रजीची ही सोय दोष म्हणून हिणवली जाते, तेव्हा ती किती नेमके काम करते हे नजरेआड होते.

इंग्रजी कानाची अडचण याच्या उलट आहे. त्याला त आणि ट दोन्ही टीच वाटतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली दाखवले, की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतला हा फरक ओळखतात. वर्षाची होता होता ती ओळख बहुतेकांत मावळते. तरीही भारतीय माणसाचा ट त्याला वेगळा लागतो, कारण जीभ मागे गेली की आधीच्या स्वराचाही रंग बदलतो. ‘वात’ आणि ‘वाट’ यांतला आ शेवटाकडे ताणून म्हटला की हा बदल आपल्यालाही जाणवतो.

ज्यांना इंग्रजांसारखा टी हवा, त्यांना तो कप्पा नव्याने शोधावा लागत नाही. ‘लाल’मधल्या ल-ला जीभ त्याच उंचवट्याकडे जाते. ल-साठी टोक टेकवायचे, तिथेच धरून कडांची हवा अडवायची आणि मग सोडायचे. ट-कडून पुढे सरकण्यापेक्षा ल-कडून जाणे सोपे पडते, कारण ट-ची सवय टोकाला मागे ओढत राहते.

मल्याळममध्ये मात्र मधला कप्पा आधीपासून आहे. तिथे दंत्य त, मूर्धन्य ट आणि हिरडीवरचा तिसरा ध्वनी असे तीन स्पर्शध्वनी आहेत. पण हा तिसरा शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. म्हणून मल्याळममध्ये तिकिटाचा पहिला टी मूर्धन्य ट-ने लिहितात आणि शेवटचा हिरडीवरच्या ध्वनीने. मराठीने त्याच शब्दाचे ‘तिकीट’ केले: पहिला दंत्य, शेवटचा मूर्धन्य.