नाव झाकून वाचायचं मानपत्र

जिल्हा परिषदेच्या शाळांमधून आता निवृत्त होणाऱ्या कितीतरी शिक्षकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते. त्यांना शाळेत घातलं तेव्हा घरच्यांना नेमकी तारीख ठाऊक नव्हती, म्हणून दाखल करून घेणाऱ्या गुरुजींनी जूनची पहिली तारीख लिहून टाकली. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस सेवा संपते. पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस. त्यामुळे हे शिक्षक ३१ मे रोजी, शाळेला कुलूप असताना निवृत्त होतात. समारंभ मग सुट्टी लागायच्या आधी होतो, नाहीतर शाळा उघडल्यावर. शाल, श्रीफळ, मंडप, जेवण यांची सोय आठवडाभर आधी होते. मानपत्राची आठवण मात्र आदल्या संध्याकाळी येते आणि ज्याचं मराठी चांगलं, त्या सहकाऱ्याच्या गळ्यात ते काम पडतं.

घाईत तो मागच्या वर्षीचं मानपत्र काढतो आणि नाव बदलतो. ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’, ‘विद्यार्थीप्रिय’, ‘शिस्तप्रिय’, ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’ हे सगळं तसंच राहतं. हे टाळण्याची एक सोपी कसोटी आहे. मसुद्यातलं नाव झाकून तो एखाद्या माजी विद्यार्थ्याला वाचून दाखवावा. कुणाबद्दल आहे हे त्याला ओळखता आलं नाही, तर मानपत्र अजून लिहायचं आहे.

परिचय आणि मानपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिचय श्रोत्यांसाठी असतो, ‘बाईंचा जन्म अमुक गावी झाला’ असा. मानपत्र थेट सत्कारमूर्तीला उद्देशून असतं, ‘आपण या गावात आलात तेव्हा’ असं. बोलणारे ‘आम्ही’ कोण, हे शेवटी कळतं: ग्रामस्थ, शाळा व्यवस्थापन समिती, सहकारी, आजी-माजी विद्यार्थी. एकदा ‘आपण’ धरलं की मध्येच ‘तुम्ही’ किंवा ‘बाईंनी’ येता कामा नये. तसं झालं की समोर बसलेल्या माणसाशी जुळलेला धागा तुटतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावातल्या प्राथमिक शाळेतून एक बाई निवृत्त होत आहेत. जुलै १९९१मध्ये त्या नोकरीला लागल्या आणि ३१ मे २०२६ला सेवा संपते.

पहिला भाग कारकिर्दीचा. तारखा सेवापुस्तकातून घ्याव्यात, आठवणीतून घेऊ नयेत. जुलै १९९१ ते मे २०२६ ही पुरी छत्तीस वर्षं नव्हेत. पस्तीसला एक-दोन महिने कमीच भरतात. वाचताना कुणी मोजत नाही, पण ज्यांची नोकरी झाली त्यांना आकडा पाठ असतो. सेवापुस्तकातल्या सगळ्या बदल्या ओळीने वाचल्या तर सभा कंटाळते, म्हणून वळणाच्या दोन-तीनच जागा निवडाव्यात. ‘एकशिक्षकी शाळेत आपण पहिली नऊ वर्षे काढलीत. चार इयत्ता एका खोलीत बसत आणि चारही फळे आपणच लिहीत होतात.’ एवढ्यात त्या नऊ वर्षांचं काम दिसतं.

दुसरा भाग योगदानाचा, आणि इथेच लिहिणारे सर्वांत जास्त घसरतात. ‘शाळेचा सर्वांगीण विकास केला’ या वाक्यात काय केलं ते कळत नाही. योगदान सांगताना आधी काय होतं, या व्यक्तीने काय केलं आणि मागे काय उरलं, हे तिन्ही लागतं. आपल्या उदाहरणात दिवाळीनंतर मुलं आईवडिलांच्या कोयत्याबरोबर कारखान्यावर जातात आणि वर्ग रिकामे होतात. बाई काय करतात, ते असं लिहिता येईल: ‘टोळ्या निघण्याच्या आधीच आपण घरोघर जात होतात. मुलाला आजीजवळ ठेवा, एवढं एकच मागणं आपण मागत होतात. गावानेही साथ दिली. आपण आलात त्या वर्षी जानेवारीत चौथीच्या वर्गात सहा मुलं होती, यंदा एकोणीस आहेत.’

असा आकडा हजेरीपटातून काढायचा असतो. ऑक्टोबर आणि जानेवारीची पानं शेजारी ठेवली की तो मिळतो. पण त्या वर्गात मूळ पट किती होता हेही पाहावं लागतं. पटच वाढला असेल, तर सहाचे एकोणीस होण्याचं सगळं श्रेय देता येत नाही. शाळेचं शेरेबुकही चाळावं. भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या नोंदी त्यात असतात. ‘गावानेही साथ दिली’ हे वाक्यही गाळू नये. समोर बसलेले सहकारी आणि पालक त्या कामात होते. सगळं एकाच व्यक्तीच्या नावावर लिहिलं तर त्यांना ते लागतं आणि सत्कारमूर्तीलाही अवघडल्यासारखं होतं.

तिसरा भाग स्वभावाचा. इथे विशेषणं हाताशी असतात आणि ती सगळ्यांना सारखीच बसतात. त्याऐवजी एक प्रसंग शोधावा. त्यासाठी तीन-चार माजी विद्यार्थ्यांना वेगवेगळं गाठून ‘बाई कशा होत्या’ असं न विचारता ‘बाईंचं काय आठवतं’ असं विचारावं. ‘कशा होत्या’ला उत्तर येतं, ‘खूप चांगल्या’. ‘काय आठवतं’ला गोष्ट येते. समजा, दोघांनी एकच सांगितलं: बाईंचं फळ्यावरचं गणित चुकलं, मागच्या बाकावरच्या मुलीने भीत भीत हात वर केला, आणि बाईंनी खडू तिच्या हातात देऊन चूक तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतली. हा प्रसंग दोन वाक्यांत लिहिला की ‘विनम्र’ आणि ‘निगर्वी’ हे शब्द लागतच नाहीत.

प्रसंग निवडताना एक पथ्य पाळावं. बाईंनी कुणाची फी भरली, कुणाला घरी जेवू घातलं, या गोष्टी मनाला भिडतात. पण तो मुलगा आज मोठा होऊन त्याच सभेत मुलाबाळांसह बसलेला असू शकतो. त्याची संमती नसेल तर ते मानपत्रात येऊ नये.

मजकूर साडेतीनशे शब्दांच्या आत असावा. सावकाश वाचायला तीन-चार मिनिटं पुरतात. लिहून झाल्यावर जो वाचणार आहे त्याच्याकडूनच तो मोठ्याने वाचून घ्यावा. जिथे त्याचा श्वास तुटतो, तिथे वाक्य तोडावं. लांब सामासिक शब्दावर तो अडखळला तर तो शब्द बदलावा. छापायला देण्याआधी नाव, आडनाव आणि तारखा घरच्या माणसाकडून तपासून घ्याव्यात, कारण काचेच्या चौकटीत गेलेली चूक खोडता येत नाही. समारंभातही मानपत्र भाषणांच्या आधी वाचावं. पाचव्या भाषणानंतर मुलं चुळबुळत असतात आणि स्वयंपाकघरातून वास येऊ लागलेला असतो.

शेवटी ‘आयुरारोग्य लाभो’ ही इच्छा असावीच, तिला परंपरा आहे. त्याआधी एखादं वाक्य गावाच्या बाजूने यावं: ‘यंदाही टोळ्या निघण्याआधी आम्ही त्या घरांत जाऊ.’ मात्र हे लिहिण्याआधी कोण जाणार हे ठरवून, त्या माणसांना विचारून घ्यावं. मानपत्राची एक प्रत बाईंच्या घरी जाते, दुसरी शाळेच्या दप्तरात ठेवावी. पुढच्या जानेवारीत हजेरीपट उघडला की ते वाक्य खरं झालं का, हे शाळेला तिथल्या तिथे पाहता येईल.