जर्मनीतली भाड्याची गाडी आणि पडद्यावरचं जर्मन

पुण्याचं एक जोडपं म्युनिकच्या विमानतळावर उतरतं आणि आल्प्सकडे जायला डिझेलवर चालणारी स्टेशन वॅगन भाड्यानं घेतं, असं समजू. काउंटरवरची मुलगी छान इंग्रजी बोलते, करारही इंग्रजीत असतो. गाडी सुरू केली की मात्र स्टिअरिंगमागच्या पडद्यावर सगळं जर्मनमध्ये. आधीच्या गिऱ्हाइकानं किंवा कंपनीनंच ती भाषा ठेवलेली असते, आणि पार्किंगमधून लवकर बाहेर पडायच्या घाईत त्याकडे कुणी लक्ष देत नाही. दोनशे किलोमीटरवर, घाट चढताना, घंटी वाजते आणि पिवळी ओळ झळकते. थांबायचं की जात राहायचं?

याचं अर्धं उत्तर भाषेशिवाय मिळतं. डॅशबोर्डवरच्या दिव्यांच्या चिन्हांना ISO 2575 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यामुळे तेलाची झारी, बॅटरीचा चौकोन, पाण्यातला थर्मामीटर ही चित्रं नाशिकच्या गाडीत जशी असतात तशीच बव्हेरियातल्या गाडीत असतात. रंगांचं म्हणाल तर लाल म्हणजे सुरक्षित जागा दिसताच थांबा, पिवळा म्हणजे लवकरच बघा, हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. एक अपवाद ध्यानात ठेवावा. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सांभाळून चालवता येते. तोच लुकलुकायला लागला की इंजिनात इंधन नीट जळत नाही असा त्याचा अर्थ. पाय लगेच हलका करायचा, नाहीतर न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं.

झारीच्या चिन्हाचा गोंधळ जास्त होतो, कारण एकच चित्र दोन रंगांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. पिवळी झारी आणि सोबत Ölstand prüfen असेल, तर तेलाची पातळी खाली गेली आहे. पुढच्या पंपावर तेल घालून काम भागतं. लाल झारी आणि Öldruck हा शब्द म्हणजे तेलाचा दाब पडला आहे. अशा वेळी इंजिन आणखी चार-पाच मिनिटं चालवणंही महागात पडू शकतं. सोबत Motor abstellen असेल तर इंजिन बंद करा असा तो हुकूमच आहे. लाल दिवा पेटल्यावरही गाडी हाकत राहून इंजिन बसलं, तर विमा घेतलेला असूनही खर्च भाडेकरूच्या गळ्यात घालणारी कलमं करारात सहसा असतात.

आपल्या जोडप्याला दिसलेली ओळ मात्र पिवळी आहे: Reifendruck prüfen. शेजारी घोड्याच्या नालासारखा टायरचा छेद आणि आत उद्गारचिन्ह. टायरमधली हवा बघा, असं गाडी सांगते आहे. युरोपीय संघात नोव्हेंबर 2014 पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये ही यंत्रणा सक्तीची आहे. थंडीत ती वरचेवर बोलते, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण 0.1 बारनं कमी होतो. म्युनिकच्या तळघरातल्या उबदार पार्किंगमधून निघून डोंगरातल्या हिवाळी सकाळी गाडी बाहेर काढली, तर पंक्चर नसतानाही दिवा पेटू शकतो.

तरी खाली उतरून चारही चाकं पाहायचीच. एखादं चाक बसलेलं असेल तर पुढे जायचं नाही. स्टेपनी शोधूनही बहुधा सापडणार नाही, डिकीच्या तळाशी Pannenset नावाचा छोटा कॉम्प्रेसर आणि भोक बुजवणाऱ्या द्रावाची बाटली असते. ती फोडण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केलेला बरा. चाकं ठीक दिसली तर सावकाश पंपापर्यंत जावं आणि तिथे हवा भरावी. दाब किती ठेवायचा हे ड्रायव्हरच्या दारालगतच्या खांबावर किंवा डिझेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. ते बारमध्ये असतं. आपल्याकडे हवा पीएसआयमध्ये सांगायची सवय, तेव्हा बारला साडेचौदानं गुणायचं. 2.3 बार म्हणजे साधारण 33 पीएसआय.

हवा भरली तरी दिवा विझत नाही, आणि लोक तिथेच अडतात. फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच गाड्यांत टायरच्या आत दाब मोजणारं काही बसवलेलंच नसतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं. एबीएसचे सेन्सर तो फरक पकडतात. त्यामुळे हवा भरल्यावर गाडीला मेनूतून सांगावं लागतं की आताचा दाब बरोबर धर. त्यासाठी पडद्यावर टायरच्या पानात SET असं बटण असतं. हे बटण हवा न भरता, नुसता दिवा घालवायला दाबणं मला धोक्याचं वाटतं. कमी हवेलाच गाडी योग्य मानू लागते आणि पुढे खरंच हवा गेली तरी गप्प बसते. दिवा गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेत आहे, टायरमध्ये असेलच असं नाही.

हवा भरून जोडपं पुढे निघतं. दुसऱ्या दिवशी नवी ओळ येते. AdBlue हा शब्द, मग nachfüllen, म्हणजे भरा, आणि पुढे Kein Motorstart in 900 km अशा धाटणीचं काहीतरी. नेमके शब्द गाडीगणिक बदलतात, पण Kein, Start आणि किलोमीटरचा आकडा ओळखू येतो. गाडी म्हणते आहे की 900 किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. आपल्याकडच्या गाडीत अशी धमकी वाचायची सवय नसल्यामुळे अनेकजण इथे घाबरतात.

अ‍ॅडब्लू म्हणजे 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. हे इंधन नव्हे. त्याची वेगळी टाकी असते, त्यातून ते गरम धुरात फवारलं जातं, तिथे त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. आपल्याकडच्या बीएस-6 ट्रकांना लागणारं डीईएफ, ज्याला ड्रायव्हर सरळ युरिया म्हणतात, ते हेच. ते संपलं तर गाडी प्रदूषण करत फिरू नये, म्हणून युरोपीय नियमांनीच ही सक्ती घातली आहे. साधारण 2400 किलोमीटरचा साठा उरला की सूचना सुरू होतात आणि टाकी रिकामी झाली की इंजिन पुन्हा सुरू होत नाही. चालू गाडी वाटेत बंद पडत नाही, हा त्यातला दिलासा. म्हणजे मोटरवेवर जीव मुठीत धरायचं कारण नाही, पण टाकी तळाला गेलेली असताना चहासाठी इंजिन बंद केलंत तर गाडी तिथेच राहील.

सहलीचे 400 किलोमीटर उरले असतील तर 900चा आकडा बघून गाडी तशीच परत करता येते, त्याआधी कंपनीला फोन करून विचारावं एवढंच. 400 किलोमीटरची सूचना आणि 600 किलोमीटर बाकी असतील तर भरावंच लागतं. डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण असतं, काही गाड्यांत ते डिकीत किंवा बॉनेटखाली सापडतं. पंपांवर पाच-दहा लिटरचे डबे मिळतात, काही ठिकाणी कारसाठी वेगळी नळीही असते. ट्रकची नळी टाळावी, तिचा वेग कारच्या टाकीला झेपत नाही आणि सांडलेला युरिया वाळून पांढरा थर धरतो. चमचाभर घालून उपयोग नाही. पाचएक लिटर आत गेल्याशिवाय बऱ्याच गाड्यांना टाकी भरल्याचं कळतच नाही. भरल्यावर इंजिन सुरू न करता इग्निशन अर्धं मिनिट चालू ठेवलं की गाडी नवी पातळी वाचते. बिल जपून ठेवावं, कारण हा खर्च परत मिळतो की नाही ते करारावर ठरतं.

अनर्थ होतो तो उलट्या चुकीनं. अ‍ॅडब्लू डिझेलच्या टाकीत गेलं, तर किल्ली फिरवायची नाही, इग्निशनसुद्धा चालू करायचं नाही. इंजेक्शनचा पंप आणि नळ्या बदलाव्या लागू शकतात, आणि चुकीचं द्रव्य भरल्याचं नुकसान भाड्याच्या विम्यात बहुधा बसत नाही. गाडी जागेवर ठेवून फोन करणं हा तिथे सर्वात स्वस्त उपाय.

ट्रिप कॉम्प्युटरची गंमत वेगळी आहे. पडद्यावर 7,4 l/100 km दिसतं. जर्मनीत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम, म्हणून हे सात पूर्णांक चार, चौऱ्याहत्तर नव्हे. शंभर किलोमीटरला इतके लिटर, असा हा हिशेब. आपल्यासारखं ॲव्हरेज हवं असेल तर शंभरला त्यानं भागायचं. 7.4 म्हणजे लिटरला साडेतेरा किलोमीटर. इथे आकडा वाढला की वाईट, आपल्या सवयीच्या नेमकं उलट. त्याच पानावर ab Start, ab Tanken आणि Langzeit असे तीन हिशेब असतात: निघाल्यापासूनचा, शेवटचं इंधन भरल्यापासूनचा आणि दीर्घकाळचा. भाड्याच्या गाडीत तिसऱ्यात आधीच्या कितीतरी गिऱ्हाइकांची गाडी हाकण्याची पद्धत मिसळलेली असते, तो सोडून द्यावा.

Reichweite म्हणजे उरलेल्या इंधनात किती किलोमीटर जाल त्याचा अंदाज. तो गेल्या काही किलोमीटरच्या खपावरून निघतो. घाट चढताना 90 वरून भराभरा 60 वर येतो आणि उतारावर पुन्हा वर सरकतो, तेव्हा चढण पुढे असताना त्याच्या जिवावर पंप मागे टाकू नये. जर्मन मोटरवेवर इंधन संपून थांबणं हा टाळता येण्यासारखा दोष मानतात आणि दंडही होऊ शकतो. थांबावं लागलंच, तर गाडीतलं पिवळं किंवा नारिंगी जाकीट घालून लोखंडी कठड्याच्या पलीकडे जायचं, आणि मग फोन करायचा.

हे जर्मन वाचायची वेळ येऊच नये असं वाटत असेल तर पार्किंगमध्येच पाच मिनिटं द्या. दातेरी चाकाचं चिन्ह किंवा Einstellungen शोधा, त्यात Sprache, आणि तिथून English निवडा. फ्रान्समध्ये हा शब्द Langue, इटलीत Lingua, स्पेनमध्ये Idioma. काही गाड्यांत मधला पडदा आणि स्टिअरिंगमागचा पडदा यांची भाषा वेगवेगळी ठरवावी लागते, म्हणून मागचा पडदा स्वतंत्रपणे तपासा. गाडी चालू असताना हा मेनू बऱ्याचदा उघडत नाही. जपानमध्ये मात्र हा उपाय नेहमी चालत नाही, तिथल्या बाजारासाठीच्या अनेक गाड्यांत जपानीशिवाय भाषाच नसते.

भाषा बदलून झाली की गाडी काउंटरपासून हलवण्याआधी सगळे दिवे विझलेत ना बघा, किलोमीटर, इंधन आणि अ‍ॅडब्लूचा उरलेला आकडा यांचा फोटो काढा, आणि एखादा पिवळा दिवा आधीपासून पेटलेला असेल तर तो कागदावर नोंदवून घेतल्याशिवाय किल्ली स्वीकारू नका.