खाते बंद, मग पाठवलेले पैसे परत कधी?

समजा, इंदिरानगरमधील भाडेकरूने घरमालकाच्या जुन्या खात्यावर 'एनईएफटी'ने १२ हजार रुपये पाठवले. मोबाइलवर 'यशस्वी' दिसले. पण त्याचा अर्थ इतकाच, की पैसे आपल्या बँकेतून निघाले. खाते बंद असल्याचे कळते ते समोरच्या बँकेला. अर्ध्या तासाच्या त्या बॅचचा हिशेब पूर्ण झाल्यापासून २ तासांत तिने रक्कम परत पाठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मात्र कधी कधी ती बँकेच्या तात्पुरत्या खात्यात अडकते आणि कर्मचाऱ्याने पडताळल्यावरच सुटते. दिवस जातात ते इथेच. रक्कम मूळ खात्यातच परत येते. न आल्यास यूटीआर क्रमांक देऊन आपल्याच बँकेत तक्रार करावी. उशिराबद्दल रेपो दर अधिक २ टक्के व्याज द्यावे लागते, तेही ग्राहकाने न मागता.