तिरकस लंबवर्तुळ सरळ कसे करावे
लखनौच्या मोजमापांतून समजणारे अक्षांचे परिभ्रमण

संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, विविध जाती-जमातींच्या लोकांची शारीरिक मोजमापे १९४१ साली घेण्यात आली. हे काम लखनौ विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी केले. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस व सी. आर. राव यांनी त्यांच्यासह या मापांचा सांख्यिकी अभ्यास केला आणि तो १९४९ साली कलकत्त्याच्या ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्याकडे इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील अशाच मोजमापांवर लिहिलेला ग्रंथ १९५१ सालचा आहे.

या सर्व कामात एक प्रश्न समान होता. दोन गटांच्या सरासरी मापांत फरक आढळला, तर तो फरक मोठा म्हणावा की लहान? वरवर पाहता हा प्रश्न मानवशास्त्राचा आहे. परंतु त्याच्या उत्तराच्या वाटेत भूमितीतील एक जुने समीकरण आडवे येते. ज्या शांकवाच्या समीकरणात xy हे पद आहे, त्या शांकवाचे अक्ष कोणत्या दिशेस आहेत, हा तो भूमितीचा प्रश्न होय.

ठिपक्यांचा पुंजका

समजा, एका गटातील प्रत्येक व्यक्तीच्या डोक्याची लांबी व रुंदी मोजली. गटाची सरासरी हा आरंभबिंदू मानून, लांबीतील फरक x-अक्षावर व रुंदीतील फरक y-अक्षावर मांडला, तर प्रत्येक व्यक्तीसाठी एक ठिपका मिळेल. हे ठिपके वर्तुळाकार पसरत नाहीत. ज्याचे डोके लांब त्याची रुंदीही सरासरीहून थोडी अधिक असण्याकडे कल असतो. म्हणून ठिपक्यांचा पुंजका डावीकडून उजवीकडे वर चढणारा, तिरका असा दिसतो. आईबाप व मुले यांच्या उंचीच्या कोष्टकात सारख्या संख्या जोडणाऱ्या रेषा एककेंद्री लंबवर्तुळे होतात, हे फ्रान्सिस गाल्टन यांच्या ध्यानात आले, आणि त्यामागील गणित केंब्रिजचे हॅमिल्टन डिक्सन यांनी १८८६ साली मांडून दिले. आपला पुंजकाही तसाच तिरकस लंबवर्तुळांचा आहे.

आता सोयीसाठी काही आकडे घेऊ. हे आकडे सर्वेक्षणातील नाहीत. हिशेब सुबक व्हावा म्हणून ते निवडले आहेत. लांबी-रुंदीचे एकक २ मिलिमीटर समजा. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, जिला प्रचरण म्हणतात, ती लांबीसाठी ८ व रुंदीसाठी ५ आहे. दोन्ही फरकांच्या गुणाकारांची सरासरी, म्हणजे सहप्रचरण, २ आहे. महालनोबिस यांनी १९३६ साली सांगितलेले सामान्यीकृत अंतर D या आकड्यांसाठी असे लिहिता येते :

5x² − 4xy + 8y² = 36D²

डाव्या बाजूचे आकडे कोठून आले, हे पाहण्यासारखे आहे. दोन्ही प्रचरणे परस्परांच्या जागी गेली आहेत, सहप्रचरणाची दुप्पट ऋण चिन्हासह मध्ये बसली आहे, आणि उजवीकडील ३६ म्हणजे 8 × 5 − 2². D ला एक ठरावीक किंमत दिली की एक लंबवर्तुळ मिळते. त्यावरील सर्व बिंदू सरासरीपासून ‘सारख्याच अंतरावर’ मानले जातात. मात्र −4xy हे पद असल्यामुळे त्या लंबवर्तुळाचा लांब अक्ष किती लांब आहे व कोणीकडे कलला आहे, हे समीकरणाकडे नुसते पाहून सांगता येत नाही.

अक्ष फिरविणे

वक्र जागचा हलवावयाचा नाही. अक्ष मात्र आरंभबिंदूभोवती θ कोनातून फिरवावयाचे. नव्या अक्षांवरील मापांना X व Y म्हटले, तर जुनी मापे अशी :

x = X cos θ − Y sin θ
y = X sin θ + Y cos θ

Ax² + Bxy + Cy² या सर्वसाधारण राशीत ही मूल्ये घालून XY चा सहगुणक गोळा करावा. पहिल्या पदातून −2A sin θ cos θ, मधल्या पदातून B(cos² θ − sin² θ) व शेवटच्या पदातून 2C sin θ cos θ मिळते. त्रिकोणमितीतील दुप्पट कोनाची सूत्रे येथे आपोआप उभी राहतात, आणि नवा सहगुणक असा होतो :

B′ = B cos 2θ − (A − C) sin 2θ

तो शून्य व्हावा अशी आपली इच्छा आहे. म्हणून

tan 2θ = B / (A − C)

कोन θ चा हवा असताना सूत्र 2θ चे मिळते, याचे कारण लंबवर्तुळाच्या आकृतीतच आहे. अक्ष ९० अंशांनी फिरविले तर लांब व आखूड अक्षांची केवळ नावे बदलतात. XY चे पद पूर्वीप्रमाणेच नाहीसे राहते. θ मध्ये ९० अंश मिळविले की 2θ मध्ये १८० अंश मिळतात, आणि स्पर्शज्या तर दर १८० अंशांनी पुन्हा तीच किंमत घेते. सूत्र आपल्याला दोन्ही उत्तरे एकदमच देते.

आता आपले उदाहरण सोडवू. A = 5, B = −4, C = 8; म्हणून tan 2θ = (−4)/(−3) = 4/3. ज्याच्या काटकोनालगतच्या बाजू ३ व ४ आणि कर्ण ५ आहे, अशा त्रिकोणावरून cos 2θ = 3/5. मग

cos² θ = (1 + 3/5)/2 = 4/5
sin² θ = (1 − 3/5)/2 = 1/5

म्हणजे tan θ = 1/2 आणि कोन सुमारे २६ अंश ३४ कला. नव्या अक्षांवर X² चा सहगुणक 5(4/5) − 4(2/5) + 8(1/5) = 4 येतो व Y² चा 5(1/5) + 4(2/5) + 8(4/5) = 9 येतो. समीकरण झाले :

4X² + 9Y² = 36D², अर्थात X²/9 + Y²/4 = D²

आता सर्व काही उघड दिसते. X च्या दिशेने गटाचे प्रचरण ९ आहे, Y च्या दिशेने ४ आहे, आणि या दोन दिशांमध्ये सहप्रचरण उरलेले नाही.

चुकीची खूण कशी ओळखावी

येथे एक चूक वारंवार होते. A − C चे ऋण चिन्ह मनात राहते, B चे ऋण चिन्ह विसरले जाते, आणि sin 2θ = 4/5 ठेवून cos 2θ = −3/5 लिहिले जाते. त्यावरून tan θ = 2 असा कोन मिळतो. त्या कोनाने अक्ष फिरविले, तर X² चा सहगुणक ५.८, Y² चा ७.२ आणि XY चा ४.८ येतो. परंतु ‘कोन काढला आहे, तेव्हा XY चे पद गेलेच असणार’ असे गृहीत धरून पुष्कळ जण हा शेवटचा सहगुणक तपासतच नाहीत.

पडताळ्यासाठी दोन राशी उपयोगी पडतात, कारण अक्ष कसेही फिरविले तरी त्या बदलत नाहीत : एक A + C आणि दुसरी 4AC − B². आपल्या उदाहरणात पहिली १३ व दुसरी १४४ आहे. खऱ्या उत्तरात 4 + 9 = 13 व 4 × 4 × 9 = 144, हे जुळते. चुकीच्या उत्तरात 5.8 + 7.2 = 13 हेही जुळते! म्हणून नुसत्या बेरजेवर विसंबू नये. XY चे पद नाही असे मानून दुसरी राशी काढली, तर 4 × 5.8 × 7.2 म्हणजे १६७.०४ येते आणि चूक उघडकीस येते. हीच राशी धन असल्यामुळे वक्र लंबवर्तुळ आहे. ती शून्य असती तर अन्वस्ताचे व ऋण असती तर अपास्ताचे प्रकरण झाले असते.

दोन गट, एकच पट्टी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आणखी दोन गट घ्या, आणि त्यांतील पसारा पहिल्या गटासारखाच आहे असे समजा. एकाची सरासरी (2, 1) या बिंदूशी आहे व दुसऱ्याची (1, −2) या बिंदूशी. साध्या पट्टीने मोजले तर दोन्ही गट पहिल्या गटापासून √5 इतक्याच अंतरावर आहेत. परंतु फिरविलेल्या अक्षांवर पहिला बिंदू नेमका X-अक्षावर पडतो व दुसरा नेमका Y-अक्षावर. म्हणून पहिल्याचे D² आहे 5/9, म्हणजे सुमारे ०.५६, आणि दुसऱ्याचे 5/4, म्हणजे १.२५. दुसरे पहिल्याच्या सव्वादोन पट झाले.

याचे कारण सरळ आहे. डोके लांब व त्याबरोबर थोडे रुंद, असा फरक एकाच गटातील माणसा-माणसांतही विपुल आढळतो. त्या दिशेने सरासरी सरकली तर त्यात विशेष नवल नाही. डोके लांब परंतु अरुंद, असा फरक गटाच्या आत विरळा असतो. म्हणून तेवढाच फरक अधिक अर्थपूर्ण ठरतो. xy चे पद टाकून देऊन केवळ x²/8 + y²/5 असा हिशेब कोणी केला, तर त्याला ०.७० व ०.९३ अशी उत्तरे मिळतील, आणि दोन गटांतील हा भेद बराचसा पुसला जाईल. अर्थात हे अंतर सरासरी मापांचे आहे. गटांच्या थोरवीविषयी अथवा बुद्धीविषयी ते काहीही सांगत नाही.

कोनाला किती महत्त्व द्यावे

A व C समान असतील तर सूत्राच्या छेदात शून्य येते. त्याने गोंधळून जाण्याचे कारण नाही; मूळ अट B cos 2θ = 0 अशी उरते व कोन ४५ अंशांचा होतो. प्रत्येक मापाला त्याच्या स्वतःच्या प्रमाण विचलनाने भागले, की नेहमी हेच घडते : दोन मापांचा संबंध घट्ट असो वा सैल, कोन ४५ अंशच.

यावरून एक मर्यादा ध्यानात येते. हा कोन केवळ लोकांच्या डोक्यांवर अवलंबून नसून आपण निवडलेल्या एककांवरही अवलंबून आहे. आपल्याच उदाहरणात लांबी पूर्ववत ठेवून रुंदी १ मिलिमीटरच्या एककात मोजली, तर तिचे प्रचरण २० व सहप्रचरण ४ होते, आणि समीकरण असे बनते :

20x² − 8xy + 8y² = 144D²

आता tan 2θ = −8/12 = −2/3, आणि लांब अक्षाचा कोन २६ अंशांवरून सुमारे ७३ अंशांवर जातो. माणसे तीच, मापे तीच, तरी ‘मुख्य दिशा’ बदलली! परंतु पूर्वीचा (2, 1) हा गट आता (2, 2) येथे आहे; त्याच्यासाठी डावी बाजू 80 − 32 + 32 = 80 होते, आणि D² = 80/144, म्हणजे पुन्हा 5/9. कोन एककांबरोबर बदलला. अंतर मात्र जराही हलले नाही. म्हणूनच गटांची तुलना करताना कोनावर निष्कर्ष बांधू नये, तो अंतरावर बांधावा. आणि कोन सांगावयाचाच असेल तर त्याच्याशेजारी एककेही लिहावीत.