मथळे वाचा, गोष्ट कळली पाहिजे

16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया अवकाशयान झेपावले. साधारण 82 सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज नासापुढे स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्याचा आशय असा होता: टाइल भेदल्या जाण्याबाबत चाचण्यांच्या माहितीतून सावध अंदाज दिसतो. घाईत वाचणाऱ्याला वाटावे, काळजीचे कारण नाही.

त्याच स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांत, वेगळेच लिहिले होते. आदळलेला तुकडा अंदाजे 1920 घनइंचांचा. चाचणीत वापरलेला अवघा 3 घनइंचांचा. म्हणजे 640 पटींचा फरक!

1 फेब्रुवारीला परतताना यान हवेतच फुटले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. ही स्लाइड काही अपघाताचे कारण नव्हती. पण माहिती-मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्यांचे विश्लेषण घेतले.

मथळा पूर्ण वाक्यात असावा, हा आग्रह इथे नीट तपासता येतो. ‘चाचण्यांचा आढावा’ असा नुसता विषय या स्लाइडवर नव्हता. क्रियापद होते, विधानही होते. तरी ते फसले, कारण खालचा पुरावा त्या विधानाच्या बाजूने उभाच नव्हता. तळातली ओळ वर आणली असती, तर मथळा झाला असता: ‘तुकडा चाचणीतल्यापेक्षा 640 पट मोठा असल्याने या चाचण्यांवरून नुकसान सांगता येत नाही.’

आता सगळ्या मथळ्यांची माळ करून पाहू. ‘फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला.’ ‘तो चाचणीतल्या तुकड्यापेक्षा 640 पट मोठा असावा.’ ‘त्यामुळे चाचण्या इथे लागू पडत नाहीत.’ ‘म्हणून पंखाची छायाचित्रे कक्षेतच घ्यावीत.’ आलेख, तक्ते काहीही न बघता वाचणाऱ्याला मागणी कळते. छायाचित्रांची मागणी नासाच्या काही अभियंत्यांनी खरोखर केली होती. ती मान्य झाली नाही.

अमेरिकेत मायकेल अ‍ॅली हे लेखनशिक्षक विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हीच पद्धत शिकवतात: वर दोन ओळींच्या आत एक दावा, खाली मुद्द्यांच्या यादीऐवजी चित्र किंवा आलेख. दावा दोन ओळींत मावत नसेल, तर बहुधा एका स्लाइडवर दोन दावे कोंबलेले असतात. ती स्लाइड फोडावी.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी फक्त मथळे एका कागदावर उतरवून विषयाबाहेरच्या माणसाला वाचायला द्यावेत. त्याने ‘मग?’ असे जिथे विचारले, तिथे एक मथळा हरवला आहे. आणि प्रत्येक मथळ्याखालचा आकडा खरोखर तेच म्हणतो का, हे मात्र विषय जाणणाऱ्यानेच तपासावे.